पहिल्यांदा दातांच्या डॉक्टरांकडे : लहान मुलांसाठी ही गोष्ट लिहायची कशी

दातांच्या दवाखान्यात पहिल्यांदा जाणाऱ्या मुलाची गोष्ट लिहायला घेतली की बहुतेकांचा पहिला खर्डा एकसारखाच उतरतो. मूल घाबरलेलं असतं. डॉक्टर प्रेमळ असतात. ते म्हणतात, "काही होत नाही बाळा", आणि खरंच काही होत नाही. मूल हसत घरी येतं. यात खोटं काही नाही, पण ऐकणाऱ्या मुलाच्या हाती काही लागत नाही. डॉक्टर प्रेमळ आहेत हे लेखकानं सांगितलेलं असतं, मुलाला ते कुठे दिसत नाही. उद्या सकाळी त्याला खरोखर त्या खुर्चीत बसायचं असेल, तर तिथे आधी काय होतं आणि मग काय होतं याचा अंदाज त्याला अजिबात आलेला नसतो.

बालवाडीत वाचून दाखवायला मी अशी एक गोष्ट लिहिली. त्यासाठी ओळखीच्या एका बालदंतवैद्य ताईंच्या दवाखान्यात कोपऱ्यात बसून पाहिलं, त्यांच्याकडून खर्डे तपासून घेतले. तीच गोष्ट इथे टप्प्याटप्प्यानं उभी करून दाखवते. तुमची गोष्ट वेगळी असेल, पात्रं वेगळी असतील, पण टप्पे हेच ठेवलेत तर बरीच खोडाखोड वाचेल.

लिहायला बसण्याआधी जवळ काय हवं

- एखाद्या दवाखान्यात तास-दीड तास बसायची परवानगी. सकाळची वेळ मागा. लहान मुलांना शक्यतो सकाळीच बोलावतात, कारण दुपारी झोपेच्या वेळेला आलेलं मूल आधीच किरकिरं असतं. तिथल्या मुलांची नावं, फोटो किंवा दुखण्याचे तपशील वहीत घ्यायचे नाहीत.
- दिसणाऱ्या, ऐकू येणाऱ्या आणि वास येणाऱ्या गोष्टींची यादी, तिथेच बसून केलेली.
- खर्डा वाचून "असं होत नाही" असं तोंडावर सांगणारा एक दंतवैद्य.
- ऐकायला एक मूल, शक्य असेल तर अजून दवाखान्यात न गेलेलं.

१. आधी वय ठरवा, मग त्या वयाचं तोंड बघा

"लहान मुलांसाठी" एवढं ठरवून भागत नाही. दोन वर्षांच्या मुलाला खुर्चीत एकटं बसवतच नाहीत. आई आणि डॉक्टर समोरासमोर गुडघ्याला गुडघा लावून बसतात, मूल आईच्या मांडीवर असतं आणि डोकं डॉक्टरांच्या मांडीवर टेकवून तपासतात. आठ वर्षांच्या मुलाचे पुढचे दात बदललेले असतात आणि त्याला "इवलासा आरसा" वगैरे भाषा बाळबोध वाटते. बालभारतीच्या "किशोर"सारख्या मासिकाचा वाचक त्याहूनही मोठा. या तिघांसाठी एकच गोष्ट चालत नाही.

मी सहाव्या वर्षात असलेली मुलगी घेतली. या वयात मोजण्यासारखं तोंडात काहीतरी असतं. दुधाचे दात वीस, वर दहा आणि खाली दहा, आणि साधारण तीन वर्षांपर्यंत ते सगळे आलेले असतात. सहाच्या आसपास खालचे पुढचे दात हलायला लागतात आणि कायमचे यायला लागतात. कधी कधी नवा दात दुधाच्या दाताच्या मागून, जिभेच्या बाजूनं डोकं वर काढतो आणि पुढचा अजून पडलेला नसतो. आरशात दोन रांगा दिसतात, घरचे हबकतात आणि मुलाला घेऊन दवाखाना गाठतात. प्रत्यक्षात हे बरंच सर्रास दिसतं. नवा दात वर येताना एरवी दुधाच्या दाताचं मूळ हळूहळू विरघळत जातं, म्हणून तो दात सैल होऊन पडतो. नवा जरा मागून आला की मूळ वेळेवर विरघळत नाही, आणि जुना दात रेंगाळतो.

गोष्टीसाठी हे कारण मला सोन्यासारखं वाटलं. दवाखान्यात जायला खरं निमित्त आहे, दुखत मात्र काही नाही. पहिल्याच गोष्टीत सुजलेला गाल आणि रात्रभर रडणं आणलंत, तर पुढे दात भरणं, मुळाचे उपचार, इंजेक्शन हे सगळं आणावं लागतं आणि गोष्ट हाताबाहेर जाते.

लांबीही आत्ताच ठरवून टाका. या वयाला वाचून दाखवायची गोष्ट पाचशे ते सातशे शब्दांत आटपली पाहिजे. त्यापुढे समोरची मुलं एकमेकांचे दात मोजायला लागतात.

२. भीतीला नाव-गाव द्या

"रेवाला खूप भीती वाटत होती" हे वाक्य लिहू नका. भीती कोणीतरी घातलेली असते, आणि ती नेमक्या एका वस्तूची असते. आपल्याकडे ती बहुधा घरातूनच येते. दंगा केला की "डॉक्टरांकडे नेऊन सुई टोचायला लावीन" असं मोठी माणसं म्हणतात, आणि मोठी भावंडं त्यात रंग भरतात. गोष्टीत एकच वस्तू निवडा. सुई, पक्कड, यंत्राचा आवाज, परक्या माणसासमोर आडवं होणं, यातलं काहीही एक. दोन घेतल्यात तर दोन्ही सोडवाव्या लागतील. मी पक्कड घेतली. सुरुवात अशी :

> रेवाचा खालचा पुढचा दात हलत होता. जिभेनं ढकलला की पुढे जायचा. सोडला की मागे यायचा.
>
> एका सकाळी जिभेला मागे काहीतरी लागलं. रेवा आरशाकडे धावली. दाताच्या मागे अजून एक दात!
>
> "आई, मला दोन रांगा आल्या!"
>
> सोहमदादानं तोंडात डोकावून पाहिलं.
>
> "मगर!" तो म्हणाला. "आता डॉक्टर मोठी पक्कड आणणार. आणि टण्णकन उपटणार!"
>
> रेवानं तोंड मिटून घेतलं. आजीनं घावनं केली होती, तरी उघडलं नाही.

भीती या शब्दाशिवाय भीती कळली का, एवढंच इथे तपासायचं. घावनं नाकारणारं मूल घाबरलंय हे चार वर्षांच्या श्रोत्यालाही समजतं. माझी रेवा चिपळूणची आहे म्हणून घावनं. तुमचं पात्र सोलापूरचं असेल तर तिथला नाश्ता आणा.

३. दवाखाना मुलाच्या उंचीवरून लिहा

इथे तुमची यादी कामाला येते. मोठ्यांना दवाखान्यात भिंतीवरची पदवी दिसते. मुलाला काउंटरची खालची बाजू, प्लास्टरचा बिनगालांचा जबडा, खुर्चीखालचं पायानं दाबायचं बटण आणि थुंकायच्या भांड्यात गोल फिरणारं पाणी दिसतं. दातांच्या दवाखान्यात बहुतेक ठिकाणी लवंगेच्या तेलाचा वास असतो, कारण तात्पुरत्या भरणीच्या सिमेंटमध्ये लवंगेतलंच युजेनॉल वापरतात. आपल्या घरांत आजीची लवंग आधीपासून असते, म्हणून या वासाला मराठी मूल लगेच ओळखतं. मी तो सोडला नाही.

> दवाखान्यात लवंगेचा वास होता. आजीच्या डबीतल्यासारखा. पण आजीची डबी तर पिशवीत बंद होती. मग वास कुठून येतोय?
>
> आतून आवाज आला. झुंईंईं. थांबला. पुन्हा झुंईंईं.
>
> "रेवा!" कोणीतरी हाक मारली.
>
> आई उठली. आजी उठली. सोहमदादा उठला. रेवा उठली नाही.

आवाज लपवू नका. दात कोरायच्या यंत्राचा, डॉक्टर ज्याला एअरोटर म्हणतात त्याचा, आवाज प्रतीक्षेच्या खोलीत येतोच. गोष्टीत तो नसला आणि खऱ्या दवाखान्यात ऐकू आला, की मुलाच्या लेखी तुमची सगळी गोष्टच लबाड ठरते.

सगळं घरच आत घुसतं हेही मी मुद्दाम ठेवलं. ते खरं आहे, आणि डॉक्टरांच्या संयमाची पहिली परीक्षा तिथेच होते.

४. डॉक्टरांचा संयम हातांतून दाखवा

सगळ्यांत जास्त वेळ या टप्प्याला द्या. "डॉक्टर खूप प्रेमळ होत्या" हे वाक्य खर्ड्यातून काढा आणि त्या जागी त्या काय करतात ते लिहा. तुम्हाला काही सुचवावं लागणार नाही, कारण या संयमाची एक ठरलेली रीत आहे आणि बालदंतवैद्य ती शिकलेले असतात. सांगा, दाखवा, करा. अॅडेलस्टन या अमेरिकन दंतवैद्यानं ती १९५९ साली मांडली आणि आजही ती शिकवली जाते. आधी मुलाला समजेल अशा शब्दांत काय करणार ते सांगायचं. मग ती वस्तू दाखवायची, हाताला लावायची, बोटावर चालवायची. मग लगेच, जसं सांगितलं तसंच, तोंडात करायचं. मध्ये नवीन काही घुसवायचं नाही. एका वस्तूची फेरी पूर्ण झाल्याशिवाय दुसरी वस्तू काढायची नाही.

ही रीत गोष्टीला आयती लय देते. तीच तीन पावलं पुन्हा येतात, आणि पुनरावृत्ती या वयाच्या मुलांना आवडतेच. फक्त तीच फेरी चार-पाच वस्तूंवर फिरवू नका. आरसा आणि पाण्याची पिचकारी एवढ्या दोन पुरेत. मी शेवटी एकट्या आरशावर भागवलं.

त्याआधी एक पाऊल असतं, ते बरेच जण विसरतात. डॉक्टर मुलाच्या पातळीवर येतात. मास्क लावण्यापूर्वी चेहरा दाखवतात, स्टूल खाली घेतात आणि बोलणारा आवाज एकच राहील असं बघतात. आई, आजी आणि डॉक्टर एकाच वेळी समजावू लागले तर मूल कोणाचंच ऐकत नाही.

> डॉक्टरताईंच्या तोंडावर मास्क होता. त्यांनी तो खाली ओढला.
>
> "हे माझं तोंड," त्या म्हणाल्या. "तुझं मला बघायचंय. पण इतक्यात नाही."
>
> त्या चाकांच्या स्टुलावर बसल्या. फुस्स! स्टूल खाली गेलं. आता त्यांचे डोळे बरोबर रेवाच्या डोळ्यांसमोर आले.
>
> "शहाणी ना तू?" आजी म्हणाली.
>
> "काही नाही होत गं," आई म्हणाली.
>
> "मगर," सोहमदादा म्हणाला.
>
> "आता आम्ही दोघीच बोलतो हं," डॉक्टरताई म्हणाल्या.
>
> मग कोणीच बोललं नाही. रेवासुद्धा नाही. डॉक्टरताई थांबून राहिल्या. घड्याळ टिकटिकलं. पंखा फिरला. डॉक्टरताई अजून थांबल्या होत्या.
>
> "पक्कड आहे का?" रेवानं ओठ न उघडता विचारलं.
>
> "आहे. त्या कपाटात. आज ते कपाट उघडायचं नाही. आज मी फक्त दात मोजणार."

"घड्याळ टिकटिकलं" या ओळीपाशी वाचणाऱ्यानं खरोखर थांबायचं असतं. संयम पानावर दाखवायचा तो असा, काहीच न घडणाऱ्या दोन ओळींनी. संपादक त्या कापायला सुचवतील. कापू देऊ नका.

पक्कडीचं उत्तरही बघा. "पक्कड नाहीच आमच्याकडे" असं डॉक्टरांच्या तोंडी घातलंत तर ते खोटं आहे, आणि "तुझा दात कधीच काढणार नाही" हे वचन पुढे मोडू शकतं. दवाखान्यात चांगले डॉक्टर आजपुरतं बोलतात. गोष्टीतही तेवढंच बोलावं.

> "हा आरसा," डॉक्टरताई म्हणाल्या. "यानं मला मागचे दात दिसतात."
>
> त्यांनी आरसा रेवाच्या नखावर टेकवला. गार! "एक." दुसऱ्या नखावर. "दोन." पाचही नखं मोजून झाली.
>
> मग आरसा रेवाच्या हातात आला. तिनं तो सोहमदादासमोर धरला. आरशात नाक दिसलं. नुसतं नाक.
>
> रेवाला हसू आलं. हसताना तोंड उघडलं. उघडलं ते तिच्या लक्षातही आलं नाही.

इथे डॉक्टरांनी लगेच संधी साधून आरसा तोंडात घातला, असं मात्र लिहू नका. एका खर्ड्यात ते वाचल्यावर बालदंतवैद्य ताईंनी शेजारी लाल रेघ मारली होती. गाफील मुलाच्या तोंडात काही घालणं म्हणजे त्याच्या नजरेत फसवणूकच. आधी विचारायचं, मग करायचं.

५. "दुखणार नाही" हा शब्दच वापरू नका

हा सापळा इतका मोठा आहे की त्याला वेगळा मथळा दिला. मूल "दुखणार" एवढंच उचलतं, पुढचं "नाही" त्याच्या कानात राहत नाही. तोवर त्याच्या मनात दुखण्याचा विषय नसला तरी आता येतो. म्हणून दवाखान्यात या अर्थाचे सगळेच शब्द टाळतात आणि जे अंगाला जाणवेल ते सांगतात. गार लागेल, गुदगुल्या होतील, खुर्ची मागे जाईल. तुमच्या खर्ड्यात दुखणं, टोचणं, रक्त, सुई, कापणं हे शब्द शोधा. निवेदनातून आणि डॉक्टरांच्या तोंडून ते काढा. सोहमदादाच्या तोंडी एखादा राहिला तरी चालतो, कारण भीती त्याच्याकडूनच आलेली आहे.

वस्तूंनाही दवाखान्यात मुलांसाठी वेगळी नावं असतात. लाळ ओढणाऱ्या नळीला कोणी "पाणी पिणारी नळी" म्हणतं, क्ष-किरण चित्राला "दाताचा फोटो" म्हणतात. ती वापरा, पण वस्तूचं काम बदलू नका. टोकदार सळईला "जादूची कांडी" म्हटलंत आणि ती मुलाच्या दातावर खरखरली, तर जादू तिथल्या तिथे संपते.

६. वळण मुलाच्या हातात ठेवा

घाबरलेलं मूल शांत कशानं होतं? नवख्यांच्या गोष्टीत ते खेळणं मिळाल्यानं किंवा डॉक्टरांच्या गोड बोलण्यानं शांत होतं. खुर्चीत पडलेल्या मुलाची खरी अडचण वेगळी असते. तोंड उघडं असल्यामुळे त्याला "थांबा" म्हणता येत नाही. म्हणून डॉक्टर खूण ठरवून देतात, की हात वर केलास की मी थांबेन. मोठी माणसं हे ऐकून सोडून देतात. मुलं ते तपासून बघतात. दवाखान्यात बसून पाहाल तर काहीही झालेलं नसताना हात वर करणारं मूल तुम्हालाही दिसेल. त्या क्षणी डॉक्टर थांबले की पुढची तपासणी सोपी जाते. "एवढंच राहिलंय, झालंच" म्हणत त्यांनी हात चालू ठेवला, तर त्या खुणेला पुन्हा काही किंमत उरत नाही.

गोष्टीचं वळण इथेच ठेवा.

> "मला थांबवायचं असलं की हा हात वर कर," डॉक्टरताई म्हणाल्या. "मी थांबेन."
>
> रेवानं बटण दाबलं. खुर्ची हळूहळू मागे गेली. छत दिसायला लागलं. पोटात गोळा आला.
>
> "मोजू?"
>
> रेवानं मान हलवली. आरसा आत गेला.
>
> "एक. दोन. तीन. चार. पाच. सहा. सात..."
>
> रेवानं हात वर केला.
>
> डॉक्टरताई थांबल्या. आरसा बाहेर आला. त्यांचे दोन्ही हात मांडीवर गेले.
>
> "काय झालं?"
>
> "काही नाही," रेवा म्हणाली. "थांबता का ते बघत होते."
>
> "मग?"
>
> "थांबलात."
>
> "आठ मोजू का?"
>
> रेवानं तोंड उघडलं. या वेळी खूप मोठं.

डॉक्टरांचं वाक्य "दुखलं का?" असं नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. "बघ, उगाच घाबरलीस" असंही त्या म्हणत नाहीत. खोटा इशारा दिल्याबद्दल मुलाला एका शब्दानंही टोकायचं नाही. गोष्टीतली आजी एरवी कितीही बोलकी असो, इथे तिला गप्प ठेवा.

७. मोजणी पूर्ण करा आणि उत्तर सरळ द्या

मोजणी सुरू केलीत तर आकडा शेवटाला न्यावा लागतो, आणि तो बरोबर हवा. सहा वर्षांच्या मुलाच्या तोंडात अठ्ठावीस दात लिहिलेले मी पाहिले आहेत. डॉक्टर आधी वरचे दहा मोजतात, मग खालचे दहा. मागून आलेला मी शेवटी ठेवला, म्हणजे आकड्यातच गंमत येते.

> "...अठरा. एकोणीस. वीस." डॉक्टरताई थांबल्या. रेवानं तर हात वर केला नव्हता. "आणि एकवीस!"
>
> "लहान मुलांना वीसच असतात," सोहमदादा म्हणाला. "माझ्या पुस्तकात आहे."
>
> "बरोबर. वीस दुधाचे. हा एकविसावा मोठेपणाचा. पाहुणा लवकर आला, आणि घरातला माणूस अजून खुर्चीवरून उठलाच नाही."
>
> "मग त्याला उपटणार?" रेवानं विचारलं.
>
> डॉक्टरताईंनी बोटानं दात हलवून पाहिला. "छान हलतोय. जिभेनं तू रोज हलव. आपला आपण पडेल. नाही पडला तर परत ये, मग दोघी मिळून ठरवू."

दातांबद्दलचं एवढंच ज्ञान गोष्टीत पुरे. दुधाचा दात चांगला हलत असेल तर बहुधा वाट बघतात, आणि तो पडून जागा झाली की मागून आलेला दात जिभेच्या रेट्यानं पुढे सरकतो. दुधाचा दात घट्टच असेल, किंवा वाट पाहूनही पडत नसेल, तर डॉक्टर तो काढायचा सल्ला देऊ शकतात. हे पालकांना सांगायचं असेल तर गोष्टीखाली चार ओळींची वेगळी चौकट टाका. पहिली भेट खरं तर पहिल्या वाढदिवसाच्या सुमारास व्हावी असं बालदंतवैद्य सांगतात, तेही त्याच चौकटीत. रेवाची पहिली भेट सहाव्या वर्षी का, असा प्रश्न एखादा दंतवैद्य वाचक विचारणारच.

गोष्टीत ब्रशचा धडा घुसवू नका. गोड खाऊ नका, दोनदा दात घासा, हे सुरू झालं की डॉक्टरताईंची शाळेतली बाई होते आणि मुलं खिडकीबाहेर बघायला लागतात.

८. शेवट दवाखान्याच्या बाहेर न्या

बक्षिसानं शेवट करायचा मोह होतो. चॉकलेट तर देऊच नका. दातांच्या डॉक्टरांच्या हातून चॉकलेट मिळालेलं मी छापील गोष्टींतही वाचलं आहे. "शहाण्यासारखी वागलीस म्हणून" हेही टाळा. जे मूल खुर्चीत रडलं ते शहाणं नाही, असा त्याचा दुसरा अर्थ निघतो, आणि ऐकणाऱ्यांत असं एखादं मूल असतंच.

माझा शेवट दात पडण्यावर आहे. पडलेला दात कोणी कौलावर फेकतं, कोणी तुळशीत पुरतं. तुमच्या घरची जी पद्धत असेल ती घ्या.

> दात पडला तो शाळेत. डब्यातली पोळी चावताना. रेवानं तो रुमालात बांधून घरी आणला.
>
> "टाक कौलावर," आजी म्हणाली. "उंदीरमामाला सांग, माझा जुना घे, तुझ्यासारखा नवा दे."
>
> "नवा आलाय की!" रेवा म्हणाली, आणि तिनं दात जोरात भिरकावला. कौलावर टक् वाजलं.
>
> सोहमदादा अभ्यास करत बसला होता. रेवा त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.
>
> "दादा, एकवीस वजा एक किती?"

९. चित्रकाराला काय सांगायचं

सूचना लिहून द्या, तोंडी देऊ नका. डॉक्टरांच्या हातात मोजे हवेत. दिव्याचा झोत तोंडावर हवा, डोळ्यांवर नको. कपाट बंद दिसायला हवं, नाहीतर चित्रकार हौसेनं उघड्या कपाटात चकचकीत पक्कड काढून मोकळा होतो आणि तुमचा सगळा खटाटोप वाया जातो. नवा दात दुधाच्या दाताच्या मागे, आकारानं थोडा रुंद, कडेला बारीक करवतीसारखे दाते असलेला. नुकत्या आलेल्या पुढच्या दाताला ते असतात. चित्रात कुठे ब्रश आलाच तर त्यावर पेस्ट वाटाण्याएवढी काढायला सांगा. जाहिरातीतली ब्रशभर पेस्ट तीन ते सहा वर्षांच्या मुलासाठी फार होते.

१०. दोघांना दाखवा, मग पाठवा

आधी दंतवैद्याला. त्यांना "कशी वाटली" असं विचारलंत तर छान म्हणून मोकळे होतील. तीन प्रश्न विचारा. यातलं काय प्रत्यक्षात घडत नाही? कोणतं वाक्य तुम्ही मुलासमोर बोलणार नाही? यातलं कोणतं वचन तुम्हाला पाळता येणार नाही?

मग मुलाला मोठ्यानं वाचून दाखवा. आवडली का असं विचारू नका, मुलं हो म्हणतात. वाचताना त्याच्या तोंडाकडे बघा. सात आकड्यापाशी बहुतेक मुलं स्वतः हात वर करतात किंवा वाचणाऱ्याकडे वर बघतात. तिथे काहीच हालचाल झाली नाही, तर खुणेचं वाक्य आधी फार घाईत येऊन गेलंय. ते एकटं, स्वतंत्र ओळीवर आणा. गोष्ट संपल्यावर मूल पक्कडीबद्दलच विचारत राहिलं, तर कपाटाच्या उत्तरात कुठेतरी टाळाटाळ उरली आहे. तीच जागा पुन्हा लिहा. जीभ आपल्या दातांवरून फिरवून मोजायला लागलं, तर गोष्ट पाठवायला हरकत नाही. पाठवताना वयोगट, शब्दसंख्या आणि दंतवैद्यानं खर्डा तपासला आहे ही एक ओळ वर लिहा, आणि थांबायच्या दोन जागांवर खूण करून ठेवा, म्हणजे संपादक त्या कापायच्या आधी निदान विचारतील.